दुकान हलवताय? ०७१२ चा जुना नंबर सोबत कसा न्यायचा

माझ्या मेहुण्याचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. जागा भाड्याची होती, मालकाला इमारत पाडून नवी बांधायची होती, म्हणून दुकान मनीषनगरला हलवायचं ठरलं. माल, कपाटं, वजनकाटा, सगळ्याची यादी झाली, आणि मग त्यानं मला फोन करून विचारलं, "भाऊजी, बाकी सब होऊन जाईन, पण नंबर तोच राहीन ना?"

हा नंबर सासऱ्यांच्या वेळचा. उमरेड, रामटेक, भंडारा या बाजूच्या कितीतरी घरांत तो डायरीत लिहिलेला आहे. लग्न ठरलं की मुलीचे वडील आधी त्या नंबरवर विचारतात, "पितळेचा भाव काय चालू आहे?" मेहुण्याचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे नाही आणि नवा पत्ता तर नाहीच. दुकान हलल्यावर त्यांना परत जोडणारा धागा हा एकच. मी टेलिफोन खात्यात तांत्रिक कामावर होतो, त्यामुळे हे काम मी स्वतः पुढे होऊन केलं. नागपुरात शहरातल्या शहरात दुकान हलवताना बीएसएनएलचा जुना नंबर कसा टिकवायचा, ते त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. जुनं कनेक्शन बंद करण्याचा अर्ज काहीही झालं तरी देऊ नका. "आधी इथलं बंद करू, मग तिथं नवीन घेऊ" असं वाटणं साहजिक आहे, पण बंद केलेला नंबर कंपनीच्या साठ्यात परत जातो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. थकीत बिलाचंही तसंच. बिल भरलं नाही की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात, मग येणारे, आणि शेवटी कनेक्शनच कायमचं बंद होतं. सामान हलवण्याच्या गडबडीत नेमकं बिलच राहून जातं. म्हणून पहिल्याच दिवशी जुनी थकबाकी भरा आणि पावती जपून ठेवा.

पूर्वी नंबर का बदलायचा आणि आता का बदलत नाही

हे समजलं की काउंटरवर कुणी "नाही होणार" म्हटलं तर पुढे काय विचारायचं ते कळतं.

तांब्याच्या तारेच्या काळात प्रत्येक एक्स्चेंजला नंबरांचा आपला गठ्ठा असायचा. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी चौकट असते. तिच्या एका बाजूला नंबर आणि दुसऱ्या बाजूला गावात जाणाऱ्या तारांच्या जोड्या असतात, आणि मध्ये जंपर नावाची बारीक तार टाकून नंबर तुमच्या जोडीला जोडलेला असतो. तिथून तार रस्त्यावरच्या पिलर नावाच्या पेटीला, पिलरवरून डीपी नावाच्या छोट्या टेलिफोन पेटीला आणि डीपीवरून ड्रॉप वायरनं तुमच्या दुकानात येते. दुकान त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत हललं तर जंपर दुसऱ्या जोडीवर टाकला की काम संपायचं. हद्द बदलली की नंबर मागेच राहायचा, कारण तो त्या इमारतीतल्या यंत्राचा होता. इतवारीतून मनीषनगर म्हणजे तेव्हा नवा नंबर नक्की.

फायबरवर तसं नाही. तिथं नंबर म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरचं एक खातं. दुकानात ओएनटी नावाचा छोटा डबा बसवतात. तो फायबरवरून त्या खात्यात स्वतःची नोंदणी करतो आणि त्याच्या मागे साधा फोन लागतो. डबा इतवारीत आहे की मनीषनगरात, याच्याशी नंबराला देणंघेणं उरत नाही. तांब्याचं कनेक्शन फायबरवर नेताना जुना नंबर कायम ठेवण्याची सोय बीएसएनएल देतं, आणि शहरातल्या शहरात हलणाऱ्या दुकानदारासाठी मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. नव्या जागी तांब्याची जोडी मिळत असली तरी फायबरच मागा. सिमेंट रोडच्या आणि मेट्रोच्या खोदकामानं नागपुरातल्या जुन्या केबलची जी गत झाली आहे, ती पाहिलेला माणूस आज तांब्याचा हट्ट धरणार नाही.

दोन मर्यादा मात्र पक्क्या आहेत. नंबर ०७१२ च्या हद्दीतच फिरतो. कामठीचा कोड ०७१०९, हिंगण्याचा ०७१०४. "नागपूरच तर आहे" म्हणून हिंगणा एमआयडीसीत गाळा घेतला, तर ०७१२ चा नंबर तिथं जाईलच असं धरून चालू नका. गाळ्याचा करार करण्याआधी शेजारच्या दुकानात किंवा कारखान्यात लँडलाइनचा कोड कोणता आहे ते विचारून घ्या. एवढ्या एका प्रश्नानं पुढची धावपळ वाचते.

दुसरी मर्यादा कंपनीची. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो, पण लँडलाइनला ती सोय नाही. बीएसएनएलचा नंबर बीएसएनएलकडेच राहतो. दुसऱ्या कंपनीचा माणूस "आमच्याकडे या, नंबर तोच देतो" म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला लँडलाइनचा नियम माहीत नाही.

आधी नाव, मग जागा

मेहुण्याच्या बिलावर नाव सासऱ्यांचं होतं आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या दुकानांत हे सर्रास दिसतं. बिल येतं, आपण भरतो, नावाकडे कुणी बघत नाही. पण जागाबदलाच्या अर्जावर सही लागते ती कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची. म्हणून नाव बदलून घ्या आणि ते नव्या नावावर दिसू लागलं की मगच जागाबदल मागा. दोन्ही अर्ज एकदम दिले तर पहिल्यात काही खोट निघाली की दुसराही अडकून पडतो.

वारसाच्या नावावर नंबर करायला मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं आधार आणि पॅन, शेवटचं भरलेलं बिल आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. आमच्या बाबतीत ते पत्र सासूबाई, माझी पत्नी आणि तिची धाकटी बहीण अशा तिघींनी दिलं. धाकटी पुण्याला असते, तिची सही येईपर्यंत आठवडा गेला. कागदात सगळ्यात जास्त वेळ इथंच लागतो, त्यामुळे वारस बाहेरगावी असतील तर हे पत्र सर्वांत आधी हाती घ्या. पत्रात टेलिफोन नंबर कोडसकट लिहा आणि "हा नंबर अमुक यांच्या नावे करण्यास व तो नवीन जागी नेण्यास आमची हरकत नाही" असं दोन्ही एकाच वाक्यात येऊ द्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला पुन्हा सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. जुनी अनामत रक्कम जमा असेल तर तीही नव्या नावावर वर्ग करून मागा. जुन्या पावत्या सापडल्या तर त्या सोबत जोडा.

कनेक्शन भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर भागीदारीचा करार आणि सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं शिक्क्याचं पत्र न्यावं लागतं. एखादा भागीदार मधल्या काळात निघून गेला असेल तर त्याचाही कागद सोबत ठेवा, कारण जुन्या नोंदीत त्याचं नाव असू शकतं.

नवी जागा बघताना फायबर कुठपर्यंत आलंय ते बघा

नव्या गाळ्यापर्यंत फायबर पोचू शकतं का, हे तपासण्याला खात्यात फिजिबिलिटी म्हणतात. ग्राहक सेवा केंद्रात नवा पत्ता दिला की ते तपासतात. पण मी सांगेन, स्वतःही जागेवर जाऊन बघा. शेजारच्या दुकानात बीएसएनएलचं फायबर आहे का, ते कोण सांभाळतं आणि बंद पडलं तर किती दिवसांत येतात, हे तीन प्रश्न विचारा. फायबरची शेवटची ओढणी बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार ऑपरेटर करतो. तो चांगला असला तर कनेक्शन चांगलं चालतं.

गाळा नव्या कॉम्प्लेक्समध्ये असेल तर बिल्डरनं डक्टमधून फायबर न्यायची परवानगी दिली आहे का, हेही विचारा. मनीषनगरला आम्हाला वायर बाहेरच्या भिंतीवरून घ्यावी लागली, कारण डक्टची किल्ली सोसायटीच्या सचिवाकडे होती आणि ते गावाला गेले होते.

पत्त्याच्या पुराव्यासाठी नव्या जागेचा भाडेकरार आणि गुमास्ता लायसन्स किंवा जीएसटी प्रमाणपत्र लागतं. गुमास्त्यावर जुनाच पत्ता असेल तर भाडेकरार पुढे करा, आणि त्या करारात गाळा क्रमांक स्पष्ट आहे ना ते आधी बघून घ्या. "मनीषनगर, नागपूर" एवढ्यावर काम भागत नाही.

अर्जातलं एक वाक्य

आता या कामाचा जीव जिथं आहे तिथं येतो. नंबर जातो तो बहुतेक वेळा तांत्रिक कारणानं जात नाही. अर्ज चुकीच्या प्रकारात भरला जातो, म्हणून जातो.

फायबर जोडणाऱ्या माणसासाठी सगळ्यात सोपं काम म्हणजे नवीन कनेक्शन. त्यात नंबर आपोआप नवा पडतो. जुना नंबर कायम ठेवून जागा बदलायची तर जुनी ऑर्डर आणि नवी ऑर्डर एकमेकींना जोडावी लागते, दोन ठिकाणच्या नोंदी जुळाव्या लागतात. म्हणून काही जण "नवं घ्या, नंबर नंतर बदलून देतो" म्हणतात. ते मान्य करू नका. नवा नंबर चालू झाल्यावर जुना परत त्यावर आणणं फार किचकट होऊन बसतं.

आमच्याकडे हेच झालं. जोडणी करणारा माणूस आला, त्यानं मोबाइलवर फॉर्म भरला, मेहुण्यानं सही केली आणि संध्याकाळी मेसेज आला. मी सहज बघायला मागितला. त्यात ऑर्डर नवीन कनेक्शनची होती आणि आमचा २७ नं सुरू होणारा नंबर कुठंच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्राहक सेवा केंद्रात जाऊन ती ऑर्डर रद्द करवून घेतली. फायबर अजून ओढलं नव्हतं, म्हणून वाचलो.

त्यामुळे अर्जात हे स्वतःच्या अक्षरात लिहा: "सध्याचा टेलिफोन क्रमांक ०७१२-(तुमचा नंबर) कायम ठेवून, तांब्याच्या तारेवरून फायबरवर बदल व खालील नवीन पत्त्यावर जागाबदल." अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ऑर्डर क्रमांक मिळाला की त्या ऑर्डरचा प्रकार आणि त्यातला फोन नंबर वाचून दाखवायला सांगा, जमलं तर स्क्रीनवरच बघा. हे सगळं फायबर ओढण्याच्या आधी व्हायला हवं. प्लॅनही तेव्हाच ठरवा. फोनसाठीच घेत असाल तर स्वस्तातला पुरतो, पण त्यात व्हॉइसची सोय आहे याची खात्री करा. नुसतं इंटरनेट असलेलं फायबर घेतलं तर फोनचा नंबर त्यावर चालणारच नाही.

मधले दिवस

जुनी जागा सोडायची तारीख आणि नवी जागा तयार व्हायची तारीख क्वचितच जुळते. मधला काळ थोडा असेल तर जुन्या लाइनवर कॉल फॉरवर्डिंग लावून फोन मोबाइलवर घ्या. त्याचा कोड एक्स्चेंजच्या प्रकारानुसार बदलतो, तो जुन्या एक्स्चेंजमधून विचारून घ्या. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लागतो, तसा तो फॉरवर्डिंगच्या नंबरालाही लावा. नुसते दहा आकडे टाकले आणि फोन येत नाहीत, ही तक्रार फार जणांची असते. फॉरवर्डिंग लावल्यावर दुसऱ्या मोबाइलवरून जुना नंबर लावून बघा. पुढे गेलेल्या फोनचे पैसे तुमच्या बिलात लागू शकतात, तेही प्लॅननुसार विचारून ठेवा.

जागा महिनोन्‌महिने रिकामी राहणार असेल तर सेफ कस्टडी मागा. लाइन चालू नसते, पण नंबर तुमच्याच नावावर राखून ठेवतात. नवी इमारत होईपर्यंत धंदा थांबवणाऱ्यांसाठी ही सोय आहे आणि ती असते हेच अनेकांना ठाऊक नसतं. सेफ कस्टडी म्हणजे सरेंडर नव्हे; सरेंडर म्हणजे कनेक्शन कायमचं बंद करणं. फॉर्मवर कोणता शब्द आहे, तो सहीआधी वाचा.

जोडणीच्या दिवशी

जोडणी होईल त्या दिवशी तुम्ही किंवा घरचं कुणी तिथं असाच. तंत्रज्ञाकडे मीटर असतो, त्यावर प्रकाशाची ताकद दिसते. आकडा उणे असतो. उणे २७ डीबीएमच्या पलीकडे गेला, म्हणजे उणे २८ किंवा २९ आला, तर संकेत अशक्त आहे आणि फोन अधूनमधून बंद पडेल. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. आमच्याकडे आधी उणे २८ आला होता. भिंतीच्या कोपऱ्यावर फायबर काटकोनात मुडपलं होतं, ते सैल करून गोलाकार वळण दिल्यावर उणे २१ झाला. फायबरला तारेसारखं मुडपून चालत नाही.

फोन ओएनटीच्या मागच्या फोनच्या भोकात लागतो, ते इंटरनेटच्या भोकापेक्षा अरुंद असतं. जुना फोन लावताना त्याच्या खाली पल्स आणि टोन असं बटण असेल तर ते टोनवर ठेवा. पल्सवर असला की घंटी वाजते, बोलता येतं, पण नंबर फिरवला की काहीच होत नाही, आणि लोक लाइनलाच दोष देतात.

आता तपासणी. नव्या फोनवरून कुणाच्याही मोबाइलला, शून्य लावून, फोन करा आणि त्या मोबाइलवर कोणता नंबर उमटतो ते बघा. तिथं तुमचाच ०७१२ चा नंबर दिसला पाहिजे. दुसरा दिसला तर ओएनटीत दुसऱ्याच नंबराचं खातं भरलं आहे, तंत्रज्ञाला तिथंच थांबवा. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून ०७१२ लावून आत फोन करा, आणि नागपुरातल्याच एखाद्या लँडलाइनवरून नुसते सात आकडे फिरवून बघा. एका कंपनीवरून लागतो आणि दुसरीवरून "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं येतं, असं घडू शकतं. त्याचा अर्थ नंबर हलल्याची माहिती त्या बाजूला नीट पोचलेली नाही. अशी तक्रार देताना कोणत्या कंपनीच्या मोबाइलवरून, किती वाजता, काय ऐकू आलं, हे सांगा. नुसतं "फोन लागत नाही" म्हटलं की ते तुमची लाइन तपासतात, ती चांगली निघते आणि तक्रार बंद होते.

बिघाड नोंदवल्यावर मिळालेला डॉकेट क्रमांक लिहून ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. डॉकेट नसेल तर अपील करता येत नाही.

एक गोष्ट सवयीत बदलावी लागते. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळायची, म्हणून गावात लाइट नसली तरी फोन वाजायचा. फायबरचा डबा दुकानातल्या प्लगवर चालतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की फोनही जातो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. डब्यावर किती व्होल्ट लिहिलं आहे ते बघून घ्या, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असेल तर डब्याचा प्लग त्यातून वेगळा काढा. नाहीतर सकाळी साडेनऊला येणारा उमरेडचा फोन वाजतच नाही आणि तुम्हाला कळतही नाही. फॅक्स किंवा फोनच्या लाइनवर चालणारा चोरअलार्म असेल तर तो त्याच दिवशी चालवून बघा. फॅक्स फायबरवर कधी कधी अर्ध्यात तुटतो.

नव्या जागी जमलंच नाही तर

फायबर पोचत नसेल तर नंबर सोडण्याआधी एक उपाय आहे. ०७१२ च्या हद्दीत, जिथं बीएसएनएलचं फायबर आहे अशा स्वतःच्या घरी किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरी तो नंबर हलवा आणि तिथून दुकानातल्या मोबाइलवर फॉरवर्ड करा. घरी फोन फक्त डब्याला लावलेला असतो, तो उचलण्याची गरज नाही. महिन्याचा प्लॅन भरावा लागतो, पण नंबर जिवंत राहतो, आणि पुढे वर्षभरात दुकानापर्यंत फायबर आलं की तिथं पुन्हा जागाबदल मागता येतो.

पहिलं बिल आल्यावर पत्ता, नाव आणि नंबर तिन्ही वाचा. जुन्या जागेचं वेगळं बिल सुरूच राहिलं असेल तर दोन्ही बिलं घेऊन त्याच महिन्यात केंद्रात जा. ते न भरता सोडलं आणि त्यावर तोच नंबर असेल, तर थकबाकीपोटी चालू नंबर कापला जाऊ शकतो. मेहुण्याला पहिलं बिल मनीषनगरच्या पत्त्यावर, त्याच्या नावानं आलं. त्याच आठवड्यात रामटेकहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांना दुकान हलल्याचं माहीत नव्हतं. मेहुण्यानं त्यांना नवा पत्ता सांगितला, आणि ते परवा येऊन दोन हंडे आणि एक घंगाळ घेऊन गेले.